हमीदचाचांचे रातकिडे

हमीदचाचा भिंतीवर तळहात टेकवून तापमान सांगत. क्षणभर डोळे मिटत, ओठ आवळत आणि मग आकडा उच्चारत. "एकतीस." त्यानंतर शर्टाच्या खिशातून पेनासारखा दिसणारा तापमापक निघे. त्याला पोलादी कांडी होती आणि वर घड्याळासारखी छोटी तबकडी. कांडी हवेत धरून ते काटा स्थिर होण्याची वाट पाहत आणि न बोलता तबकडी माझ्यासमोर आणत. एका अंशापेक्षा मोठी चूक मी कधी पाहिली नाही, आणि मी खरे तर चूक सापडावी म्हणूनच पाहत असे.

नवीन पनवेलमध्ये आमची आणि त्यांची तळमजल्यावरची घरे एका भिंतीने जोडलेली होती. मागे एकच सामाईक पायरी होती आणि तिच्यापुढे बरीच वर्षे बांधकामाची वाट पाहत पडलेला, गवत माजलेला प्लॉट. चाचांनी चोवीस वर्षे कुवेतमध्ये वातानुकूलन यंत्रे दुरुस्त केली होती. मोठमोठ्या इमारतींच्या तळघरात, कॉम्प्रेसरच्या शेजारी त्यांची नोकरी झाली. परत आल्यावर मात्र स्वतःच्या घरात त्यांनी साधा कूलरसुद्धा येऊ दिला नाही. कोणी विचारले तर म्हणत, "चोवीस वर्षं लोकांची घरं गार केली. आता माझं घर जसं हाय तसं राहू दे."

थंडी हा शब्द त्यांना सहन होत नसे. डिसेंबरात माझी आई सहज म्हणाली की आज थंडी आहे, तर ते ओट्यावरून दुरुस्ती करत. "थंडी असं काय नसतं, वहिनी. गरमी निघून जाते, एवढंच. मशीन थंडी आत टाकत नाय, गरमी बाहेर फेकतं." तेव्हा मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि शाळा न संपवलेल्या माणसाच्या तोंडी इतके अचूक विधान ऐकून मला थोडा मत्सरही वाटे. ते मला डाक्टरीण म्हणत. मी डॉक्टर होणार नाही, हे मी त्यांना किमान दहा वेळा सांगितले असेल. "किड्यांची तर किड्यांची," ते म्हणत, "डाक्टरीण ती डाक्टरीणच."

ते मोठ्याने बोलत. टीव्हीवरच्या बातम्या त्यांच्या घरी लागल्या की आमच्या घरी वेगळ्या लावाव्या लागत नसत. समोरच्याचे बोलणे ऐकताना ते त्याच्या ओठांकडे पाहत. यातले सगळे मला दिसत होते, पण त्याची बेरीज मी केली नव्हती.

२००७ च्या जूनमध्ये त्यांचा नातू रेहान त्यांच्याकडे राहायला आला. चाचांची एकुलती एक मुलगी शाहीन त्याच वर्षी कुवेतमध्ये आजारपणात गेली होती. जावई सलीम तिथे पाळ्यांमध्ये काम करत असल्याने नऊ वर्षांच्या मुलाकडे पाहायला घरी कोणी नव्हते. सलीमची बहीण पुण्यात असते; मुलाला तिच्याकडे ठेवावे असा त्याचा विचार होता. चाचांनी तो मोडून काढला. वर्षभर माझ्याकडे ठेवून बघ, मुलगा रमला नाही तर पुण्याला ने, असे त्यांनी जावयाकडून कबूल करून घेतले. चाची जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि शाहीनचे या जगात एवढेच उरले होते. चाचा असे काही बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हते. ते फक्त पहाटे उठून त्याच्या डब्यासाठी स्वतः तांदळाच्या भाकऱ्या थापत आणि पहिली बिघडलेली भाकरी माझ्या आईला दाखवून विचारत, "वहिनी, ही त्याला देऊ काय? की मी खाऊ?"

पाऊस ओसरला, ऑक्टोबर तापला आणि रेहानची झोप उडाली.

त्याचे सगळे आयुष्य बंद खिडक्यांच्या, एसीच्या घरघरीच्या खोलीत गेले होते. इथे खिडकी उघडी होती आणि संध्याकाळी भारनियमनात वीज गेली की पंख्याचा आवाजही थांबे. मग मागच्या प्लॉटमधले रातकिडे त्याच्या उशाशी येऊन बसल्यासारखे वाजू लागत. पुढे वीज येई, पंखा सुरू होई, तरी ते त्याच्या कानातून जात नसत. तो शाळेत बाकावर झोपू लागला. बाईंनी वहीत चिठ्ठी लिहून पाठवली.

चाचांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "नाना, मागे कोणीतरी करवत चालवतं."

चाचा मागच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. त्यांना काही ऐकू आले नाही. टॉर्च घेऊन ते गवतात फिरून आले. त्यांची पावले पडू लागताच रातकिडे गप्प झाले, कारण जमिनीची कंपने आणि हवेची हालचाल हा किडा शेपटीजवळच्या दोन केसाळ काट्यांनी टिपतो आणि कोणी जवळ आले की गाणे थांबवतो. आतमध्ये रेहानलाही शांतता ऐकू आली. चाचा परत येऊन अंथरुणाला टेकले आणि गवतात पुन्हा सुरुवात झाली.

"बघा, आता सुरू झालं. तुम्ही गेलात की थांबतं, आलात की सुरू होतं."

खोटे बोलणारा मुलगा नेमका असेच बोलतो. चाचांना वाटले, याला इथे राहायचे नाही आणि तो निमित्त शोधतो आहे. चार-पाच दिवस हेच चालले. दर शुक्रवारी सलीमचा फोन येई. त्या शुक्रवारी चाचा माझ्यादेखत जावयाला म्हणाले, "पोरगा बाकी ठीक हाय, पण झूठ बोलायला लागलाय. जे नाय ते हाय म्हणतो." मग फोन रेहानच्या हातात दिला. त्याने तो कानाला घट्ट दाबून धरल्यामुळे पलीकडून काय बोलले गेले ते मला कळले नाही. रेहान 'हां अब्बा' एवढेच तीन वेळा म्हणाला आणि त्यानंतर त्याने करवतीबद्दल बोलणे सोडून दिले. तो जागा राहत होता, फक्त सांगत नव्हता.

दोन दिवसांनी वीज गेलेली असताना मी मागच्या पायरीवर वाऱ्याला बसले होते. चाचा पलीकडच्या टोकाला होते. रेहान माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्हाला ऐकू येतं?"

"काय? रातकिडे? हो, कान किटले."

तो वळला आणि नानांकडे पाहू लागला. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. तो केवळ वाट पाहत होता.

"कुठे हायत?" चाचांनी विचारले.

आता बेरीज झाली. मी मनगटावरच्या डिजिटल घड्याळाचा गजर लावला आणि त्यांच्या पाठीमागे, कानापासून वीतभर अंतरावर धरला. असल्या घड्याळाचा 'पीप-पीप' गजर आणि मैदानी रातकिड्याचे गाणे साधारण एकाच उंचीच्या स्वरात असते. तो स्वर सेकंदाला चार-पाच हजार कंपनांचा. वर्षानुवर्षे यंत्रांच्या गोंगाटात काम करणाऱ्यांची ऐकण्याची शक्ती सर्वांत आधी त्याच पट्ट्यात मरते. माणसाचे बोलणे बरेचसे त्याच्या खालच्या पट्ट्यात असल्यामुळे संभाषण चालू राहते आणि माणसाला आपण काही गमावले आहे हे कळतच नाही.

"वाजव ना," चाचा म्हणाले.

"वाजतंय, नाना," रेहान म्हणाला.

त्यांनी घड्याळ माझ्या हातातून घेतले, कानाला लावले, हलवले, पुन्हा लावले. "सेल गेला असेल." मग त्यांनी पडद्यावर लुकलुकणारे चिन्ह पाहिले. गजर आपोआप बंद होईपर्यंत ते घड्याळ तसेच धरून बसले. तो थांबला हेही त्यांना कळले नाही. रेहानने सांगितले.

"बाकीचं सगळं ऐकू येतं मला," ते म्हणाले. मग नातवाच्या डोक्यावर हात ठेवून, "चुकलं माझं, बेटा." माझ्या समजुतीप्रमाणे आमच्याकडचे आजोबा नातवंडांची माफी मागत नाहीत. त्या रात्री मला माझ्या निदानाचा अभिमान वाटला होता. निदान अचूक होते आणि आजही त्यात मला चूक काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्लॉटमधून एक रातकिडा पकडला आणि तळाशी माती, वर भोके पाडलेला कागद अशा बरणीत ठेवला. पहिले दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या संध्याकाळी बुजेनासा झाला आणि गाऊ लागला. रेहान बरणीला नाक लावून बसला.

"तोंड हलत नाही," तो म्हणाला.

"तोंडाचा संबंधच नाही. पंख बघ."

रातकिड्याच्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला एक जाड शीर असते आणि तिच्यावर कानशीसारखे बारीक दाते असतात. दुसऱ्या पंखाची कडा कठीण असते. पंख किंचित उचलून तो मिटताना ती कडा दात्यांवरून घासली जाते आणि पंखाचा पातळ, ताणलेला भाग डफाच्या कातड्यासारखा घुमतो. एका मिटण्याचा एक ठोका, आणि अशा तीन-चार ठोक्यांची मिळून आपल्याला ऐकू येणारी एक किरकिर. गातो तो फक्त नर. मादीच्या मागे अंडी घालण्याची लांब सुईसारखी नळी असते आणि तिच्या पंखांवर ही कानस नसते. तिचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्यांच्या जरा खाली असतात.

"पायाला कान," रेहान हसला. त्याला हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिले. "मग बूट घातले तर बहिरी?"

चाचाही हसले. मग रेहान गंभीर झाला. "म्हणजे तो रडत नाही ना?"

"नाही. तो सांगतोय की मी इथे आहे."

"मग गरमीतच का जास्त सांगतो?"

मी उत्तर द्यायच्या आत चाचा बोलले. त्यांना बरणीतून काही ऐकू येत नव्हते, पण हा प्रश्न त्यांच्या खात्यातला होता. "त्याच्या अंगात आपल्यासारखी भट्टी हाय काय गो?"

"नाही. हवेचं तापमान तेच त्याच्या अंगाचं."

"झालं तर मग. हवा गरम, किडा गरम, मशीन जोरात."

नेमके तसेच होते. स्नायू आकुंचन पावणे, मज्जातंतूतून संदेश जाणे या साऱ्यामागे रासायनिक क्रिया असतात आणि उष्णतेने त्या वेग घेतात. आपले शरीर स्वतःला एकाच तापमानाला धरून ठेवते, म्हणून आपल्याला हे जाणवत नाही. रातकिड्याला तो पर्याय नाही. गरम संध्याकाळी त्याचे पंख भराभर चालतात, हवा निवू लागली की तो मंदावतो आणि फार निवली की गप्प होतो.

चाचांनी लगेच बर्फ मागवला. परातीत बर्फाचे पाणी, पाण्यात बरणी आणि बरणीत कागदाच्या भोकातून सोडलेला तापमापक. आम्ही तिघे टॉर्चच्या उजेडात बसलो. काटा उतरू लागला, तशी किरकिर विरळ होत गेली. चाचा एकदम पुढे वाकले. इतका वेळ पंखांची नुसती थरथर दिसत होती. आता पंख उचलला जाताना आणि मिटताना वेगवेगळा दिसू लागला होता.

"आता," ते म्हणाले. "आता. आता."

"बरोबर, नाना!"

ते गाणे डोळ्यांनी ऐकत होते. काटा आणखी उतरला आणि किडा थांबला. रेहान घाबरला, पण चाचांनी बरणी परातीतून उचलून दोन्ही तळहातांत धरली आणि काही मिनिटांनी ती त्यांच्या हातांत पुन्हा वाजू लागली. त्यांना ते रेहानच्या चेहऱ्यावरून कळले.

पुढचे तीन आठवडे हा त्यांचा नेम झाला. रेहान डोळे मिटून एकाच रातकिड्यावर कान ठेवी आणि दर किरकिरीला पेन्सिलीने कागदावर एक टिंब मारी. माझ्या घड्याळावरची दहा सेकंदे चाचा मोजत, तापमान वाचत. फ्रिजच्या जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी आलेख आखला. एकोणतीस अंशांना सत्तावीस किरकिरी, चोवीसला अठरा. टिंबे जवळजवळ सरळ रेषेत पडली. मी त्यांना बजावले की दर जातीची रेषा वेगळी असते आणि एकाच जातीचे दोन किडेही थोडे वेगळे गातात. "असू दे," चाचा म्हणाले, "हा आमच्या घराचा हिशोब हाय."

त्याच दिवसांत मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. हवा निवली की नराचा ताल मंदावतो, आणि त्याच हवेत बसलेल्या मादीचे कानही त्या मंद तालाचीच वाट पाहतात. गार मादीपुढे गरम नराचे गाणे वाजवले, तर ती बहुधा वळत नाही. तिला ते आपल्या माणसाचे वाटत नाही.

चाचांनी ते दोनदा विचारून घेतले. "म्हणजे दोघं एकाच हवेत पायजेत."

"हो."

"खरं हाय," ते म्हणाले.

रेहान झोपू लागला. अंथरुणात पडल्यापडल्या तो किरकिरी मोजत असे. घटकाभरात हवा जरा निवे, ताल संथ होई आणि आकडा उतरत असतानाच त्याचा डोळा लागे. शाळेतून चिठ्ठी येणे बंद झाले. मुलगा वर्षभरात रमेल ही जावयाशी लावलेली पैज चाचांनी जिंकली होती, असे मला वाटले.

पण त्यांच्या मनात एक गोष्ट उरली होती. जावयाच्या लेखी रेहान अजून खोटारडा होता. शुक्रवारी फोन येण्याआधी ते आमच्या दारात आले. "डाक्टरीण, सलीमला सांगावं लागेल ना?"

मी म्हणाले की मुलगा आता झोपतो, एवढे सांगितले तरी पुरेल.

"त्याने काय होईल? झूठ बोलत होता, आता सुधारला, असं होईल. तो झूठ बोललाच नव्हता." ते आपल्या तळहाताकडे पाहत होते. "शाहीनच्या पोराला मी खोटा ठरवला. तो डाग माझ्याशिवाय कोण पुसणार?"

त्यांनी सांगितले. सगळे सांगितले, घड्याळासकट. सलीम वाईट माणूस नव्हता. त्याने जे विचारले ते कोणत्याही बापाने विचारले असते, आणि चाचांचा फोन इतक्या मोठ्या आवाजावर असे की ते मलाही ऐकू आले. "अब्बा, रात्री त्याला बरं वाटलं नाही, त्याने हाक मारली, तर तुम्हाला ऐकू येईल?"

चाचा 'हो' म्हणू शकले असते. तपासायला कुवेतहून कोणी येणार नव्हते.

"बरा कान वर ठेवून झोपलो असलो," ते म्हणाले, "तर येईल. दुसऱ्या अंगावर असलो तर सांगू शकत नाय."

दिवाळीच्या सुट्टीत रेहानची आत्या पुण्याहून गाडी घेऊन आली. चाचांनी वाद घातला नाही. बॅग भरली, भाकऱ्या बांधल्या, बरणीतला रातकिडा रेहानच्या हातून गवतात सोडवला. मग खिशातला तापमापक काढून त्याच्या शर्टाच्या खिशाला अडकवला.

"आणि तुम्ही?"

चाचांनी तळहात दाखवला.

"पुण्यात थंडी असते म्हणे," रेहान म्हणाला.

"थंडी असं काय नसतं, बेटा," चाचांनी सवयीने म्हटले. पुढचे अर्धे वाक्य त्यांनी म्हटले नाही.

डिसेंबरात एका संध्याकाळी चाचांनी मला हाक मारली. रेहानचा फोन होता. आत्याच्या सोसायटीच्या बागेत त्याला एक उशिरापर्यंत उरलेला रातकिडा सापडला होता. "नाना, दहा सेकंदांत आठ."

चाचांनी पुठ्ठ्यावर बोट फिरवले. "साडेअठरा."

"काटा एकोणीसवर आहे. अर्धा अंश चुकलात." पुण्याचा किडा वेगळ्या जातीचाही असू शकेल, हे मी बोलले नाही. "थांबा, ऐकवतो." त्याने फोन झुडपाजवळ धरला असावा. चाचांनी फोन माझ्या कानाला लावला. मी लक्षपूर्वक ऐकले. वारा होता, लांबून एक गाडी गेली, बाकी काही नाही. ते योग्यच होते. साध्या फोनमधून माणसाच्या बोलण्यापुरताच पट्टा जातो. रातकिड्याचा उंच स्वर वाटेतच गळून पडतो.

"ऐकू येत नाही," मी म्हणाले.

चाचा मोठ्याने हसले. "बघ, आता तू पण माझ्या पंगतीला." पण हसताना त्यांनी फोन माझ्या कानावरून काढला नव्हता. जणू मी अजून थोडा प्रयत्न करावा.

जानेवारीत रेहानने कळवले की बागेतला तो किडा आता गात नाही. त्यानंतरचे फोन अभ्यासाबद्दल, तब्येतीबद्दल असत आणि हळूहळू लहान होत गेले.

पुढच्या वर्षी मला बंगळूरला संशोधनासाठी प्रवेश मिळाला. मी निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळी वीज गेली होती. चाचांचा निरोप घ्यायला मी मागच्या दाराने बाहेर आले. ते पायरीवर एकटे बसले होते, पाठमोरे. त्यांनी मला पाहिले नव्हते. मी दारातच थांबले.

त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला. डोळे मिटले. "अठ्ठावीस," ते स्वतःशी म्हणाले. मग मांडीवरचा पुठ्ठा अंधारात बोटांनी चाचपला. त्याची आता त्यांना गरज नव्हती. नंतर उजव्या हाताचे एक बोट पायरीच्या दगडावर पडू लागले, भराभर, एकसारखे.

मी घड्याळात पाहून मोजले. दहा सेकंदांत बोटाचे पंचवीस ठोके. गवतात गाणाऱ्या सर्वांत जवळच्या रातकिड्याचेही पंचवीस.

मी एक पाऊल पुढे टाकले. माझ्या पावलाने रातकिडे एकदम गप्प झाले. सगळा प्लॉट शांत झाला. चाचांचे बोट चालूच राहिले.